फोटो लहान करताना रेघा कुठे जातात?

इरकली साडीचा जवळून काढलेला फोटो आहे. अंगावर उभ्या बारीक रेघा, काठ लालसर, उजेड खिडकीतून आलेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेघ न् रेघ सुटी दिसते. साड्या ऑनलाइन विकणाऱ्याने हाच फोटो ४८०० पिक्सेल रुंदीवरून १२०० वर आणला आणि दुकानाच्या पानावर चढवला. आता साडीवर बारीक रेघा नाहीत, त्यांच्या जागी ठळक, रुंद पट्टे आहेत. गिऱ्हाईक विचारतं, "ही पट्ट्यांची आहे का?" साडी तीच आहे, फोटोही तोच आहे. फक्त लहान करताना संगणकाने नसलेला नमुना विणून ठेवला.

छपाईतल्या आणि व्हिडिओतल्या लोकांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे; ते त्याला मॉआरे म्हणतात. तो टाळायचा म्हणून फोटो लहान करताना आलेली खिडकी उघडली, की तिथे नावांची यादी असते: बायक्यूबिक, लॅन्झोस, एरिया, आणखी दोन-चार. बहुतेक जण जे आधीपासून निवडलेलं असतं तेच ठेवून पुढे जातात. काही जण कुठेतरी वाचलेला सल्ला पाळतात. एक म्हणतो, "लॅन्झोस सर्वात धारदार." दुसरा म्हणतो, "लहान करायचं तर एरियाच." गंमत अशी की दोघेही बरोबर असतात, पण वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये.

आधी साडीवर काय झालं ते पाहू. समजा, कापडाने चौकट पूर्ण भरली आहे आणि मूळ फोटोत दर पाच पिक्सेलना एक रेघ येते. म्हणजे ४८०० पिक्सेलांत ९६० रेघा. फोटो चौथाई करायचा, तर नव्या फोटोचा प्रत्येक पिक्सेल जुन्या फोटोत चार-चार पावलं पुढे जाऊन रंग उचलणार. सर्वात आळशी पद्धत म्हणजे दर चौथा पिक्सेल घ्यायचा, मधले टाकून द्यायचे. रेघ पाचव्या पावलावर आहे आणि आपण चौथ्यावर थांबतो, त्यामुळे दर खेपेला एक पाऊल मागे पडतो. पहिल्यांदा रेघेच्या गडद मध्यावर, मग जरा कडेला, मग मोकळ्या जागेत, आणि पाच उड्यांनंतर पुन्हा गडद मध्यावर. नव्या फोटोत दर पाच पिक्सेलना एक पट्टा तयार होतो. १२०० पिक्सेलांत असे पट्टे बसतात २४०. मुळातल्या ९६० बारीक रेघांच्या जागी २४० जाड पट्टे, आणि त्यातला एकही साडीवर नाही.

मग बरोबर उत्तर काय? १२०० पिक्सेलांच्या रुंदीत एक गडद, एक फिका असं करत जास्तीत जास्त ६०० रेघा मावतात. ९६० मावूच शकत नाहीत. तेव्हा कापड तिथे सपाट, एकसारख्या रंगाचं दिसणं हेच खरं. चांगली पद्धत मावेल तेवढं धारदार ठेवते आणि न मावणारं गुपचूप पुसते. तीन नावांमधला फरक या दोन कामांच्या तोलात आहे.

एरिया पद्धत समजायला सर्वात सोपी. नवा पिक्सेल जुन्या फोटोतल्या जेवढ्या जागेवर बसतो, तेवढ्या सगळ्या पिक्सेलांची सरासरी. चौथाई करताना चार गुणिले चार, म्हणजे सोळा पिक्सेल आणि प्रत्येकाला समान मत. चौकटीबाहेरच्या शेजाऱ्याला मत नाही. बायक्यूबिक शेजाऱ्यांनाही विचारतं, पण मत सारखं देत नाही. मधल्या पिक्सेलांचं वजन जास्त, लांब जाल तसं कमी, आणि एका टप्प्यानंतर चक्क उणे. उणे वजन म्हणजे शेजारच्या रंगाचा प्रभाव थोडा वजा करायचा. त्याने कडा उठून दिसते. लॅन्झोस आणखी लांब जातं. वजन आधी अधिक, मग उणे, मग पुन्हा किंचित अधिक, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखं.

या नावामागे खरा माणूस आहे. कॉर्नेलियस लॅन्झोस हे १८९३ साली हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ. बर्लिनमध्ये त्यांनी काही काळ आइन्स्टाइन यांचे सहायक म्हणून काम केलं. लाटांच्या बेरजेतून आकृती उभी करताना तीव्र वळणापाशी जे नको ते तरंग उठतात, ते शमवण्याची एक युक्ती त्यांनी मांडली होती. १९७९ साली क्लॉड ड्यूशॉन यांनी हवामानशास्त्राच्या नियतकालिकात ती युक्ती गाळणी म्हणून मांडली, आणि तिथून ती चित्रांकडे आली. बायक्यूबिकचं रोजच्या वापरातलं सूत्र रॉबर्ट कीज यांच्या १९८१ च्या लेखातलं. पुढे १९८८ मध्ये डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावली यांनी या घराण्यातल्या सूत्रांचा नकाशाच काढला: कुठलं सूत्र धूसर करतं, कुठलं कडेला तरंग उठवतं, कुठलं मधल्या मार्गाने जातं. त्यांनी निवडलेला मधला मार्ग आजही मिचेल याच नावाने यादीत दिसतो. जोडीतल्या दुसऱ्या नावाला यादीत जागा मिळाली नाही. नेत्रावली हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी, पुढे बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले.

आता साडीकडे परत. रेघा गडद-फिक्या अशा हळुवार बदलणाऱ्या धरल्या, तर कुठली पद्धत खोट्या पट्ट्यांचा किती अंश मागे ठेवते हे कागदावर मोजता येतं. मूळ रेघांचा उठाव १०० धरा. एरियातून गेल्यावर खोट्या पट्ट्यांचा उठाव सुमारे २५ उरतो. रीतसर केलेल्या बायक्यूबिकमध्ये सुमारे ३, आणि रीतसर लॅन्झोसमध्ये जेमतेम १. पंचवीस म्हणजे नजरेला सहज दिसेल इतका. एक म्हणजे न दिसण्याजोगा. एरियाची चौकट एकदम सुरू होते आणि एकदम संपते, म्हणून तिच्या फटीतून बारीक नमुना निसटतो. लॅन्झोसची गाळणी लांबरुंद असल्याने तो तिथे अडतो.

मावण्याजोग्या तपशिलातही लॅन्झोसच पुढे आहे. नव्या फोटोत दर चार पिक्सेलना येणारा नमुना घ्या, जरीच्या बुट्ट्यांच्या ओळीसारखा. एरिया त्याचा उठाव ९१ वर आणून ठेवते, बायक्यूबिक ९४ च्या आसपास, लॅन्झोस जवळपास पूर्ण १००. लॅन्झोसने केलेला फोटो ‘कुरकुरीत’ वाटतो तो याचमुळे.

इथवर वाचून कोणी ओपनसीव्ही उघडेल आणि इरकलीचा फोटो `INTER_CUBIC` किंवा `INTER_LANCZOS4` ने लहान करेल, तर खोटे पट्टे पूर्ण जोमाने उभे राहतील. वर दोनदा ‘रीतसर’ हा शब्द आला, तो याचसाठी. खरा घोळ नावांचा नाहीच.

फोटो लहान करायचा तर गाळणीही त्याच प्रमाणात ताणावी लागते. बायक्यूबिकचा आवाका दोन्हीकडे दोन पिक्सेल, पण कुठले दोन? नव्या फोटोचे. चौथाई करताना ते जुन्या फोटोतले आठ होतात, म्हणजे एका नव्या पिक्सेलसाठी सोळा गुणिले सोळा, २५६ पिक्सेल विचारात घ्यायचे. नेहमीच्या लॅन्झोसचा आवाका तीन. त्याला चोवीस गुणिले चोवीस, ५७६ पिक्सेल पाहावे लागतात. ओपनसीव्ही ही गाळणी ताणत नाही. फोटो निम्मा करा की विसावा हिस्सा करा, तिथलं बायक्यूबिक जुन्या फोटोतले चार गुणिले चार पिक्सेलच पाहतं आणि लॅन्झोस आठ गुणिले आठ. मोठं करण्यासाठी हे ठीक आहे. लहान करताना मात्र ही जवळजवळ वरची आळशी पद्धतच झाली. आपल्या साडीच्या उदाहरणात ओपनसीव्हीचं बायक्यूबिक खोट्या पट्ट्यांचा उठाव किंचितही घटवत नाही. हिशेब केला तर तो १०० च्याही जरासा वर जातो.

म्हणून ओपनसीव्हीची स्वतःची माहितीपुस्तिका लहान करण्यासाठी `INTER_AREA` सुचवते. तिथे तो सल्ला अगदी योग्य, कारण या तिघांत जागेतल्या सगळ्या पिक्सेलांचा हिशेब घेणारी तीच एक.

```python
small = cv2.resize(img, (1200, 800), interpolation=cv2.INTER_AREA)
```

पायथॉनमधल्याच पिलो या दुसऱ्या साधनात गोष्ट उलटी आहे. तिथे बायक्यूबिक आणि लॅन्झोस दोन्ही प्रमाणात ताणले जातात. पण हेही पहिल्यापासून नव्हतं. जानेवारी २०१५ मधल्या २.७ आवृत्तीच्या आधी पिलोत लहान करताना फक्त लॅन्झोसच ताणलं जाई आणि त्याचं यादीतलं नावही `ANTIALIAS` होतं. बायक्यूबिक तेव्हा ओपनसीव्हीसारखंच वागत असे. त्या काळातले सल्ले आजही जसेच्या तसे फिरताना दिसतात. ते लिहिणाऱ्याचा दोष नाही, पण वाचणाऱ्याने तारीख बघावी. आजच्या पिलोत इरकलीसाठी एवढं पुरे:

```python
from PIL import Image
im = Image.open("sadi.jpg")
im.resize((1200, 800), Image.Resampling.LANCZOS).save("sadi-1200.jpg", quality=90)
```

आपल्या हातातलं साधन गाळणी ताणतं की नाही, हे ओळखायला पुस्तिका चाळायची गरज नाही. बारीक रेघांचा, जाळीचा किंवा लांबून काढलेल्या कौलारू छपराचा एक फोटो घ्या. तो बायक्यूबिकने आठवा हिस्सा करा आणि शंभर टक्के आकारात पाहा. छपरावर लाटा दिसल्या, तिरक्या तारा तुटक-तुटक झाल्या, तर साधन ताणत नाही. तिथे एरिया निवडून पुढे जावं. पडद्यावर छोटं-मोठं करून बघू नये, कारण मग पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतःची पद्धत वापरून वेगळेच पट्टे काढतं आणि माणूस भलत्याच गोष्टीला दोष देतो.

साधन ताणणारं असेल, तर लॅन्झोस निवडून मोकळं व्हावं का? साडीसाठी हो. दुकानाच्या पाटीसाठी थांबावं लागेल.

पाटी अशी धरू: जवळजवळ पांढरी पार्श्वभूमी, उजेड २४०, त्यावर काळी देवनागरी अक्षरं, उजेड २०. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, या मापात. अक्षराची जाड कडा नव्या पिक्सेलच्या बरोबर मधून जाते आहे. एरियाने लहान केल्यास कडेचा पिक्सेल मधला राखाडी होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २४० आणि २० तसेच राहतात. बायक्यूबिकमध्ये उणे वजनं कामाला लागतात: कडेलगतचा पांढरा २४९ वर चढतो, काळा ११ वर उतरतो. लॅन्झोसमध्ये पांढरा २५६ पर्यंत जाऊ पाहतो, तो २५५ ला कापला जातो, आणि काळा ४ वर येतो. पाटी मुळात २४० ची, पण प्रत्येक अक्षराभोवती २५५ ची पांढरी किनार. तिच्या पलीकडे पुन्हा एक फिकट सावली, कारण लॅन्झोसचा तरंग तिथेच संपत नाही.

या किनारीला जाणकार हॅलो म्हणतात. फोटोत ती थोडी असली तर डोळा तिलाच धारदारपणा समजतो, आणि बायक्यूबिकची नऊ-दहा अंकांची उडी सहसा खपून जाते. पण सपाट रंगावरच्या अक्षरांभोवती लॅन्झोसची किनार दिसते. देवनागरीत ती जास्त जाणवते असं म्हणायला जागा आहे: शिरोरेघ ही लांबच लांब आडवी कडा, तिच्या वर एक अखंड पांढरी पट्टी उमटते आणि वेलांटी, अनुस्वार नेमके त्या पट्टीत सापडतात. पाटी, निमंत्रणपत्रिका, स्कॅन केलेला सातबारा, तक्ते, चिन्हं यांसाठी बायक्यूबिक बरं. किनार अजिबात चालणार नसेल तर मिचेल किंवा एरिया. निळ्या आकाशासमोरचं गडद देवळाचं शिखर किंवा विजेच्या तारा हेही याच गटातले. किनार आहे की नाही हे बघायचं तर अशीच कडा तीन-चारपट मोठी करून पाहावी.

किनारीचा आणखी एक भुर्दंड म्हणजे फाइलचं वजन. जेपेगला सपाट भाग स्वस्तात साठवता येतो. कडेचे तरंग साठवायला जागा लागते. त्याच आकाराचा, त्याच दर्जाचा लॅन्झोसने केलेला फोटो एरियाने केलेल्यापेक्षा सहसा काही किलोबाइट जड निघतो. अर्जासोबत फोटो चढवताना मर्यादा ओलांडली जात असेल, तर दर्जा घटवण्याआधी हे करून पाहण्यासारखं आहे.

फोटोशॉपवाल्यांना यादीत लॅन्झोस सापडत नाही. तिथे लहान करण्यासाठी ‘बायक्यूबिक शार्पर’ ठेवलेलं आहे, म्हणजे धार चढवलेलं बायक्यूबिक. आधीच धार चढवलेल्या फोटोवर ते वापरलं की किनारी दुप्पट होतात. आधी लहान करा, मग धार लावा, हा क्रम छायाचित्रकार पाळतात तो याचसाठी. इमेजमॅजिक साधारण फोटो लहान करताना न सांगताच लॅन्झोस घेतं, आणि फोटो मोठा करायचा असेल किंवा त्यात पारदर्शक भाग असेल तर मिचेलकडे वळतं. त्या साधनाच्या कर्त्यांचा हा निवाडा इतरत्रही वापरायला हरकत नाही.

एक दोष मात्र तिन्ही पद्धतींत सारखाच येतो आणि त्याचं खापर उगाच गाळणीवर फुटतं. दिवाळीच्या रात्रीचा, दिव्यांच्या माळांचा फोटो लहान केला की माळा मंद होतात. कारण फाइलमधले आकडे प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात नसतात. अंधारातल्या छटांना जास्त आकडे मिळावेत म्हणून ते वाकवलेले असतात. एक पूर्ण काळा आणि एक पूर्ण पांढरा पिक्सेल यांची साधी सरासरी १२८ येते, पण तेवढा प्रकाश प्रत्यक्ष मिसळला तर आकडा १८८ यायला हवा. काळोखातला एकेक दिवा शेजारच्या काळ्यात असा बुडतो. उपाय म्हणजे आकडे आधी सरळ करायचे, लहान करायचं, पुन्हा वाकवायचे. इमेजमॅजिकमध्ये ते असं:

```
magick diwali.jpg -colorspace RGB -filter Lanczos -resize 1200x -colorspace sRGB diwali-1200.jpg
```

ही युक्ती सरसकट लावू नये. सरळ केलेल्या आकड्यांवर लॅन्झोसची गडद किनार अधिक काळी दिसते, त्यामुळे पाटीच्या फोटोत फायद्यापेक्षा तोटाच होतो. रात्रीचे दिवे, चांदण्या, पाण्यावरची चमक, एवढ्यापुरती ती राखून ठेवावी.

एरियाला मात्र कमी लेखू नये. प्रमाण पूर्णांकात असेल, म्हणजे निम्मं, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, तर तिचा हिशेब स्वच्छ बसतो आणि वेळही फार कमी लागतो. संगणकाच्या पडद्याचं चित्र बरोबर निम्मं करायचं असेल तर तीच नेटकी. ४८०० वरून १३०० असं तिरपागडं प्रमाण असलं, की काही नवे पिक्सेल तीन पूर्ण आणि दोन अर्धवट जुन्या पिक्सेलांवर बसतात आणि काही इतर कशावर. मग एकसारख्या बारीक रेघा कुठे ठसठशीत, कुठे पुसट दिसतात. आणि अगदी छोटी, २०० पिक्सेलांची प्रतिमा हवी असेल तर दोन टप्प्यांत काम होतं: एरियाने पूर्णांकी प्रमाणात ४०० ते ६०० पर्यंत यायचं, शेवटचा टप्पा बायक्यूबिक किंवा लॅन्झोसने. एरियातून निसटणारे खोटे पट्टे बहुतेक त्या दुसऱ्या गाळणीत अडकतात. पिलोचं `thumbnail` साधारण असंच करतं, आणि शेवटच्या टप्प्याला न सांगता बायक्यूबिक घेतं.

इरकलीचा फोटो विकणाऱ्यासाठी निवाडा एवढाच. पिलो किंवा इमेजमॅजिक असेल तर साडीला लॅन्झोस, त्याच पानावरच्या दुकानाच्या पाटीला बायक्यूबिक. ओपनसीव्ही असेल तर दोन्हीला एरिया. आणि दरवेळी ४८०० पिक्सेलांची मूळ प्रतच उघडावी, कारण आधीच्या १२०० वाल्या फोटोत शिरलेले ते २४० पट्टे आता कुठल्याही गाळणीने निघत नाहीत.